उतरत्या छपराची पन्हळ किती लांब आणि पाइप किती: नागपुरातल्या एका पत्र्याच्या शेडचा हिशोब

गच्चीवर पत्र्याची शेड, खाली सहा इंची पन्हळ, दोन्ही टोकांना आणि मधोमध असे तीन चार-इंची पाइप. तरीही जूनमधल्या पहिल्याच जोरदार सरीला पन्हळ मधल्या पाइपाजवळ भरून वाहते आणि पाणी खालच्या मजल्याच्या खिडकीवर आपटतं. नागपुरात मनीषनगर, बेसा, हिंगणा रोडकडच्या घरांवर मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता शिडी लावायच्या आधीच सांगता येतं. फॅब्रिकेटरचं उत्तरही ठरलेलं असतं, "भाऊ, चार इंची पाइप आहे ना, किती बी पाणी जाते." पाइपांची संख्या बहुतेक वेळा बरोबर असते. चुकते ती त्यांची जागा, आणि त्याआधी पावसाचा आकडा.

पुढचा सगळा हिशोब एका शेडवर केला आहे. दोन पाख्यांचं पत्र्याचं छप्पर, लांबी १४ मीटर. आढ्यापासून वळचणीपर्यंतचं आडवं अंतर दोन्ही बाजूंना ५ मीटर, त्यात पत्र्याची बाहेर आलेली कड धरलेली आहे. वळचणीपासून आढ्याची उंची १.२ मीटर. मागच्या पाख्याच्या डाव्या टोकाला जिन्याची खोली आहे. तिची भिंत पत्र्याच्या वर डोकावते आणि तिच्या स्लॅबचं पाणी एका नळीतून थेट पत्र्यावर पडतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

## टप्पा १: मापं घ्या, पण मीटरमध्ये

टेप, वही, ओळंबा आणि पाण्याची लेव्हल ट्यूब एवढं पुरतं. पत्र्यावर चढून उतारावरून माप घेऊ नका. ओळंबा सोडून खाली गच्चीवर आढ्याची आणि वळचणीची खूण करा आणि त्या दोन खुणांमधलं आडवं अंतर मोजा. नंतर आढ्याची वळचणीपासूनची उंची मोजा.

छपरावर कुठून कुठून पाणी येतं, हेही याच वेळी लिहून घ्या. शेजारची उंच भिंत, वरच्या स्लॅबची नळी, टाकीचा ओव्हरफ्लो, सगळं.

सावधान: मापं फुटात आणि पुढे लागणारा पाइपांचा तक्ता मीटरचा, ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. चौरस फूट असतील तर १०.७६ ने भागून चौरस मीटर करा, मगच पुढे जा.

## टप्पा २: पाणी झेलणारं क्षेत्र काढा

बरेच जण उताराची लांबी गुणिले छपराची लांबी करतात. त्यात वारा धरलेला नसतो. आपल्याकडची जोराची सर वाऱ्याबरोबर तिरकी येते आणि वाऱ्याकडचं पाखं सरळ पडणाऱ्या पावसापेक्षा जास्त पाणी झेलतं. म्हणून आडव्या अंतरात आढ्याची निम्मी उंची मिळवायची.

आपल्या शेडला ५ + ०.६ = ५.६ मीटर. त्याला लांबी १४ ने गुणलं की पुढच्या पाख्याचं क्षेत्र ७८.४ चौरस मीटर येतं. उतारावरून मोजलं असतं तर ७२ आलं असतं. पत्र्याच्या कमी उतारावर हा फरक थोडा वाटतो, पण नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरांसारखं उभट उताराचं कवेलूंचं छप्पर असेल तर तो चांगलाच वाढतो. अमुक टक्के पाणी कवेलू पितात म्हणून क्षेत्र कमी करायच्या फंदात पडू नका. तासभर भिजलेलं कवेलू काही पीत नाही.

आता मागचं पाखं. त्याचे स्वतःचे ७८.४ आहेतच. जिन्याच्या खोलीची भिंत ३ मीटर रुंद आणि पत्र्याच्या वर सरासरी २.४ मीटर उंच, म्हणजे ७.२ चौरस मीटर. भिंतीवर आपटून खाली येणाऱ्या पाण्यासाठी तिचं निम्मं क्षेत्र धरतात, ३.६. त्या खोलीचा स्लॅब ३ बाय ४ मीटर, म्हणजे १२. सगळं मिळून ९४ चौरस मीटर.

दिसायला दोन्ही पाखी सारखी आहेत, पण मागच्या पाख्यावर वीस टक्के पाणी जास्त येतं. आराखड्यात हे दिसत नाही, गच्चीवर उभं राहिलं की दिसतं.

## टप्पा ३: पावसाचा आकडा, दिवसाचा नको, मिनिटांचा घ्या

इथे थोडं थांबू या, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. त्या वेळी साधारण चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. आता त्याला चारने भागलं तर ताशी जेमतेम २५ मिलिमीटरच्या आसपास उत्तर येतं. त्या आकड्यावर पन्हळ बेतली तर ती दरवर्षी ओसंडेल. चार तासांचा पाऊस सारखा पडत नाही. त्यात दहा-पंधरा मिनिटं अशी असतात की समोरचं घर दिसत नाही, आणि पन्हळीचा कस तेव्हाच लागतो. पाच मीटर पत्र्यावरून पाणी मिनिटाच्या आत पन्हळीत येतं. नदीला तास लागतात, पन्हळीला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

चोवीस तासांच्या पावसावरून थोड्या वेळाचा पाऊस काढायला हवामान विभागाचं घनमुळाचं सूत्र वापरतात:

```
P_t = P_24 × (t / 24)^(1/3)
```

इथे `P_24` म्हणजे चोवीस तासांतला पाऊस मिलिमीटरमध्ये आणि `t` म्हणजे हवा तो वेळ तासांत. हिशोबासाठी मी दिवसाचे १५० मिलिमीटर धरतो. त्यावरून १५ मिनिटांत ३३ मिलिमीटर येतात, म्हणजे ताशी १३१ चा वेग. १० मिनिटांसाठी ताशी १७२. ५ मिनिटांसाठी ताशी २७३.

मग कोणता घ्यायचा? पन्हळ भिंतीच्या बाहेर, वळचणीला लटकलेली असेल तर मी ताशी १५० मिलिमीटर घेतो. क्वचित कधी त्याहून जोराची सर आली तर पाणी पन्हळीच्या बाहेरच्या कडेवरून अंगणात पडेल, घरात येणार नाही. पण दोन छपरांच्या मधली पन्हळ किंवा कठड्याच्या आतली पन्हळ असेल तर तिथे ओसंडलेलं पाणी थेट छताखाली येतं. तिथे १५० वर अजिबात थांबू नका, ताशी ३०० धरा, म्हणजे पुढची सगळी उत्तरं दुप्पट होतील.

१५० चा एक फायदा आहे. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर पाणी. ताशी १५० म्हणजे दर चौरस मीटरला मिनिटाला अडीच लिटर. पुढच्या पाख्याचं पाणी ७८.४ × २.५ = मिनिटाला १९६ लिटर. मागचं ९४ × २.५ = २३५ लिटर. पंधरा लिटरच्या बादल्या धरल्या तर पुढच्या बाजूला दर मिनिटाला तेरा बादल्या.

तपासा: तुमच्या कागदावर ताशी ५० पेक्षा कमी आकडा असेल तर तुम्ही दिवसाचा किंवा तासाचा पाऊस घेतला आहे. मागे जा.

## टप्पा ४: पाइप किती

राष्ट्रीय इमारत संहितेत पाइपाचा व्यास आणि पावसाचा वेग यावरून एक पाइप किती छप्पर सांभाळतो याचा तक्ता आहे. ताशी १५० मिलिमीटरला ७५ मिलिमीटरचा पाइप १३.६ चौरस मीटर, १०० चा २८.५ आणि १२५ चा ५३.५ चौरस मीटर सांभाळतो. वेग आणि क्षेत्र यांचा गुणाकार जवळपास तोच राहतो. म्हणून ताशी १०० ला १०० मिलिमीटरच्या पाइपाला ४२.७ मिळतात, आणि ३०० धरायचे असतील तर २८.५ चे निम्मे करायचे.

आपल्या बाजारात 'चार इंची' म्हणून ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो. ११० हे बाहेरचं माप आहे. तो हिशोबात १०० चाच धरा.

पुढचं पाखं: ७८.४ ÷ २८.५ = २.७५. म्हणजे ३ पाइप. अपूर्णांक आला की नेहमी वर जायचं, २.१ आला तरी ३.

मागचं पाखं: ९४ ÷ २८.५ = ३.३. म्हणजे ४ पाइप. इथे मी वेगळा निर्णय घेईन. जिन्याच्या खोलीच्या स्लॅबचे १२ चौरस मीटर पत्र्यावर टाकायचेच नाहीत. त्यांना स्वतःचा ७५ चा पाइप द्यायचा, तो १३.६ सांभाळतो. मग मागच्या पाख्यावर ८२ उरतात आणि ८२ ÷ २८.५ = २.८८, म्हणजे पुन्हा ३ पाइप. पाइपांची एकूण संख्या तेवढीच, पण एका नळीतून जोरात पडणारी धार पत्र्याच्या एकाच जागी येत नाही. ती धार पन्हळीवरून उडी मारून बाहेर जाते, हे कुठल्याही तक्त्यात नसतं.

सावधान: तीन पाइप खाली टी लावून एकात जोडले तर तुमच्याकडे एकच पाइप आहे. त्या एका पाइपाला ७८.४ चौरस मीटरचं पाणी न्यायचं आहे, म्हणजे १२५ चाही पुरणार नाही. जोडायचेच असतील तर जोडापासून पुढचा पाइप एकत्रित क्षेत्रावर निवडा.

## टप्पा ५: पाइप कुठे

सुरुवातीला सांगितलेली चूक ही. १४ मीटरच्या पन्हळीला ३ पाइप: एक डाव्या टोकाला, एक मधोमध, एक उजव्या टोकाला. दिसायला नीटनेटकं. पण पाणी कसं वाटलं जातं ते पाहा. डावा आणि मधला पाइप यांच्यामध्ये ७ मीटर, त्यातलं निम्मं डावीकडे जातं, निम्मं मधे. म्हणजे टोकाच्या पाइपांना साडेतीन-साडेतीन मीटर आणि मधल्याला दोन्ही बाजूंचे मिळून ७ मीटर. मधल्यावर ३९.२ चौरस मीटर येतात. त्याची कुवत २८.५. तो ओसंडतो, आणि टोकाचे दोन जवळपास एक तृतीयांश रिकामे वाहतात.

बरोबर पद्धत: लांबीला पाइपांच्या संख्येने भागा आणि प्रत्येक भागाच्या मध्यावर पाइप ठेवा. १४ ÷ ३ = ४.६७ मीटरचा एक भाग. पहिला पाइप टोकापासून २.३३ मीटरवर, दुसरा ७ वर, तिसरा ११.६७ वर. प्रत्येकाला २६.१ चौरस मीटर. तीच पन्हळ, तेच तीन पाइप, आणि ओसंडणं थांबलं.

खिडक्यांमुळे किंवा शोभेसाठी पाइप कोपऱ्यातच हवे असतील तर ते चालतं, पण मग संख्या वाढवा. दोन्ही टोकांना पाइप असतील तर क्षेत्राला कुवतीने भागून आलेल्या पूर्णांकात एक मिळवायचा. इथे ३ + १ = ४.

मागच्या पाख्यात अजून एक बारकावा आहे. भिंतीचे ३.६ चौरस मीटर तिन्ही पाइपांत वाटले जात नाहीत, ते सगळे डाव्या पाइपावर येतात. समान भाग केले तर डाव्यावर २६.१ + ३.६ = २९.७ होतात, कुवतीच्या वर. म्हणून डावा भाग ४.४ मीटरचा करायचा आणि उरलेले दोन ४.८ चे. डाव्यावर २८.२, बाकीच्यांवर २६.९. पाइप येतील टोकापासून २.२, ६.८ आणि ११.६ मीटरवर. पूर्ण छपराची बेरीज बसली म्हणून प्रत्येक पाइपाची बसेलच असं नाही, ती एकेक करून पाहावी लागते.

तपासा: प्रत्येक पाइपाशेजारी त्याचे चौरस मीटर लिहा. एकही आकडा २८.५ च्या वर नको.

## टप्पा ६: पन्हळीचा आकार आणि लांबी

आता पन्हळ पाइपापर्यंत पाणी नेऊ शकते का ते पाहायचं. अर्धगोल पन्हळ समपातळीत बसवली, तिच्या एका टोकाला पाइप असेल तर ती साधारण एवढं पाणी नेते: १०० मिलिमीटरची मिनिटाला ४५ लिटर, १२५ ची ८०, १५० ची १२५. चौकोनी पन्हळ तेवढ्याच रुंदीची असेल आणि निदान निम्म्या रुंदीएवढं पाणी तिच्यात मावत असेल तर ती याहून थोडं जास्तच नेते. पाण्याच्या वाटेत काटकोनी वळण असेल तर या आकड्यांतून १५ टक्के वजा करा.

पुढच्या पाख्यात पाइपाच्या प्रत्येक बाजूने २.३३ मीटरचं पाणी येतं, म्हणजे १३ चौरस मीटर, मिनिटाला ३३ लिटर. कागदावर १०० ची पन्हळही पुरते. तरी मी १५० घेतो, आणि कारण नागपूरच्या रस्त्यांवरची झाडं. मेअखेरच्या वादळात कडुनिंबाची पानं आणि काड्या पत्र्यावरून थेट पन्हळीत येतात. समजा टोकाचा एक पाइप तुंबला. त्याच्या ४.६७ मीटरचं पाणी मधल्या पाइपाकडे वळतं, आणि त्या पाइपाच्या एका बाजूने ७ मीटरचं पाणी येऊ लागतं: ३९.२ चौरस मीटर, मिनिटाला ९८ लिटर. १२५ ची पन्हळ इथे हरते, १५० ची तग धरते. मधला पाइप तेव्हा कुवतीबाहेर जातो, हे खरं. पण त्याच्या तोंडावर पाणी जरा चढून वाहतं, आणि पन्हळीत तेवढी खोली असते.

लांबीचं साधं आहे. वळचणीची लांबी आणि दोन्ही टोकांना ५ सेंटिमीटर जास्त, म्हणजे १४.१ मीटर. आठ फुटी जीआय पत्र्यातून वाकवलेला तुकडा २.४४ मीटरचा येतो. प्रत्येक जोडाला १० सेंटिमीटर चढ दिला की पहिल्यानंतरचा प्रत्येक तुकडा २.३४ मीटर भरतो. सहा तुकड्यांत १४.१४ मीटर. म्हणजे जेमतेम पुरतं. जोडात कोणी १२ सेंटिमीटर घेतले तर शेवटी तुकडा कमी पडेल, म्हणून जोडाच्या खुणा आधी मार्करने करून ठेवा.

पीव्हीसीची पन्हळ घेत असाल तर उष्णता विसरू नका. जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारच्या उन्हापर्यंत पन्हळीच्या तापमानात ६० अंशांचा फरक सहज पडतो. १४ मीटर लोखंडी पत्रा त्यात साधारण १० मिलिमीटर वाढतो, पीव्हीसी ५० मिलिमीटरहून जास्त. सगळे जोड घट्ट चिकटवले तर पन्हळ कुठेतरी फुगेल किंवा जोड उघडेल, आणि ते कळेल जूनमध्ये. पीव्हीसीला सरकणारे जोडच वापरा.

## टप्पा ७: बसवण्याचा क्रम

क्रम उलटा झाला की उतार बिघडतो, म्हणून याच क्रमाने जा.

1. वळचणीवर पाइपांच्या जागा आणि त्यांच्या मधले उंच बिंदू खडूने काढा. पुढच्या पाख्यात उंच बिंदू ०, ४.६७, ९.३३ आणि १४ मीटरवर.
2. लेव्हल ट्यूबने सर्व उंच बिंदू एका पातळीत आणा. पाइपाच्या जागी तिथून १२ मिलिमीटर खाली खूण करा. मीटरला ५ मिलिमीटर उतार पुरतो. जास्त दिला तर पन्हळ पत्र्यापासून लांब जाते आणि पाणी मधून निसटतं.
3. उंच बिंदू ते पाइप दोरी ताणा आणि दोरीवर ब्रॅकेट बसवा, दर ७५ सेंटिमीटरला किंवा त्याहून जवळ. पाण्याने भरलेली १५० ची पन्हळ मीटरला नऊ किलोच्या आसपास वजन धरते.
4. तुकडे बसवताना वरचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत यावा, म्हणजे पाणी जोडात शिरत नाही. जोड नेमका पाइपाच्या तोंडावर आला तर तोंड १५ सेंटिमीटर बाजूला घ्या. उंच बिंदू तेच राहिले की वाटणी बदलत नाही.
5. पन्हळीची भिंतीकडची कड बाहेरच्या कडेपेक्षा जरा उंच ठेवा. ओसंडलंच तर पाणी बाहेर पडेल.
6. पत्रा पन्हळीच्या आत साधारण ५ सेंटिमीटर यायला हवा. कमी आला तर पागोळ्या मागे भिंतीवर जातात, मध्यापलीकडे गेला तर जोराचं पाणी पन्हळ ओलांडतं.
7. पाइप सगळ्यात शेवटी. वळणाला दोन काटकोनी कोपर न लावता ४५ अंशांचे लावा, पानं अडकत नाहीत.

सावधान: पन्हळीतलं तोंड पाइपाएवढं कापा. ११० चा पाइप आणि वर ६३ चं भोक, असं मी स्वतः दोन घरी काढून पाहिलंय. बारीक जाळीही तोंडाचं भोक असंच छोटं करते. जाळी हवीच असेल तर वर उचललेली, फुग्यासारखी आणि मोठ्या भोकांची लावा.

पाणी पुनर्भरणाच्या खड्ड्याकडे नेत असाल तर गाळणीच्या आधी उघडा ओव्हरफ्लो ठेवा. गाळणी चोंदली की पाणी पाइपात वर चढतं आणि वाटतं, पन्हळच लहान पडली. घराच्या सांडपाण्याच्या लाइनला मात्र हा पाइप जोडू नका.

## टप्पा ८: पावसाआधीची बादली-चाचणी

मृग लागण्याआधी एका सकाळी हे करा. बादलीत १६ लिटरची खूण करा. पन्हळीच्या उंच बिंदूला लागून, तपासायच्या बाजूला, ती अर्ध्या मिनिटात सारख्या धारेने रिकामी करा, घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या. हा वेग मिनिटाला ३२ लिटर, म्हणजे आपल्या हिशोबातल्या सरीत पन्हळीच्या त्या अर्ध्या भागात येणारं जवळपास नेमकं पाणी.

पाणी पाइपाकडे जायला हवं आणि पाण्याची पातळी पन्हळीच्या निम्म्याखाली राहायला हवी. ओतणं थांबल्यावर एखाद्या जागी बोटाच्या पेरापेक्षा जास्त पाणी साचून राहिलं तर तिथला ब्रॅकेट खाली गेलाय. पाइपातून घुटमळत, गुडगुड आवाज करत पाणी आलं तर खाली काहीतरी अडलंय. जोडाखाली कोरडं वर्तमानपत्र ठेवा, त्यावर ओला ठिपका आला की सीलंट पुन्हा भरायचं. पुढच्या पाख्याच्या सहाही अर्ध्या भागांची चाचणी वेगवेगळी घ्या, मागच्याचीही तशीच. एकाच जागी पाणी ओतून "सगळं वाहतंय" म्हटलेल्या पन्हळी मी नंतर उतरवल्या आहेत.